तेविसाव्या प्रकरणातलं ‘तुम्ही’

“लग्नाआधीच ती त्याला अरे-तुरे करते?”

दुपारची वेळ होती. सासूबाई पाटावर बसून गव्हातले खडे निवडत होत्या आणि मी त्यांना माझं भाषांतर वाचून दाखवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी हा प्रश्न विचारला आणि माझी आठ दिवसांची मेहनत त्या एका वाक्यात कोसळली.

झालं होतं असं. आमच्या लष्करातल्या मराठी बायकांचं एक छोटंसं वाचनमंडळ आहे. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चहा घ्यायचा आणि काहीतरी वाचायचं. यंदा ठरलं की शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ आपणच मराठीत आणायची. प्रत्येकीने आपल्याला झेपतील तेवढी प्रकरणं घ्यायची. छापायबिपायची नाहीत, आपल्याआपल्यात वाचायची. ज्यांचं इंग्रजी शाळेतच सुटलं त्यांनाही ती जेन कळावी, एवढाच हेतू. माझ्या वाट्याला तेविसावं प्रकरण आलं. मी खूश झाले, कारण सगळ्या कादंबरीतलं ते सर्वांत गोड प्रकरण. बाग, चंद्र, चेस्टनटचं झाड, आणि मालक गव्हर्नेसला मागणी घालतो. संवाद तर काय, नुसता धो धो. म्हटलं, वर्णनापेक्षा संवाद सोपे. बोलणं काय, आपण रोजच बोलतो.

तिथेच फसले. कारण इंग्रजीत दोघंही एकमेकांना एकच शब्द वापरतात, ‘यू’. मालकही ‘यू’, नोकरही ‘यू’, आई, मूल, कुत्रा, सगळे ‘यू’. मराठीत मात्र तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं की समोरचा माणूस माझा कोण. ‘बस’ म्हणायचं, ‘बसा’ म्हणायचं की ‘बसावं’ म्हणायचं? ते ठरल्याशिवाय क्रियापदच हलत नाही. लेखिकेने जे सांगितलंच नाही, ते भाषांतर करणारीला प्रत्येक वाक्यात सांगावं लागतं. चुकलं तर चूक लेखिकेच्या नावावर जाते.

इंग्रजीतही पूर्वी ‘दाउ’ म्हणजे आपलं ‘तू’ होतं. ब्राँटे यॉर्कशरची. तिच्या भागातल्या गावठी बोलीत ते तिच्या काळीही ऐकू यायचं. पण शिकल्यासवरल्या माणसांच्या बोलण्यातून ते केव्हाच गेलं होतं. ही कादंबरी 1847 ची. ती लिहिण्यापूर्वी शार्लट ब्रसेल्सला राहून आली होती. तिथे फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि ‘वू’ हा भेद तिने रोज ऐकला असणार. म्हणजे बाईंना ही गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही, त्यांच्या भाषेत सोय नव्हती. मग त्यांनी ते काम कशाकडून करून घेतलं? हा प्रश्न मला सासूबाईंच्या ताटासमोर पडला. तो आधीच पडायला हवा होता.

माझी पहिली चूक मात्र इंग्रजीची नव्हती. ती ग्वाल्हेरची होती.

मी कारंज्याची. लग्न होऊन इथे आले, त्याला आता तीस वर्षं होत आली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. भा. रा. तांब्यांच्या या गावात मराठी अजून टिकून आहे, पण हिंदी तिच्यात कधी येऊन बसते ते कळत नाही. माझा मुलगा लहानपणी शेजारच्या आजोबांना “आपण बसा” म्हणायचा, कारण शाळेत ‘आप बैठिए’ शिकला होता. आणि आपल्या बरोबरीच्या मित्राला “तुम्ही कुठे चालला?” विचारायचा, कारण रस्त्यावर ‘तुम कहाँ जा रहे हो’ असंच म्हणतात. त्याच्या डोक्यात हिंदीचं तुम आणि मराठीचं तुम्ही ही सख्खी भावंडं होती. दिसायला आहेतही. पण स्वभाव अगदी वेगळे. हिंदीतलं ‘तुम’ मधल्या पायरीवर उभं असतं. मैत्रिणीला तुम, नवरा बायकोला तुम, दुकानदार पोऱ्याला तुम. त्यात आदरही नाही आणि एकेरीही नाही. आपल्या ‘तुम्ही’त मात्र मान आहे, अंतर आहे. ती मधली पायरीच मराठीत नाही. तिथे थेट उडी मारावी लागते, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर किंवा उलट.

माझ्या पहिल्या मसुद्यात रॉचेस्टर जेनला ‘तुम्ही’ म्हणत होता, कारण माझ्या कानात तो ‘तुम’ म्हणत होता. कागदावर ते वाचलं तर वाटलं, हा चाळिशीकडे झुकलेला जमीनदार आपल्या घरी कामाला असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीशी बँकेच्या मॅनेजरसारखा बोलतोय. मग मी रागाने सगळं उलटं केलं आणि दोघांनाही ‘तू’वर आणलं. म्हटलं, प्रेम आहे ना, होऊन जाऊ दे. तो मसुदा सासूबाईंनी ऐकला. पुढचं आपल्याला माहीत आहे.

तेव्हा मी शिस्तीत बसले. प्रकरणाची प्रत काढली आणि दोन पेन्सिली घेतल्या. रॉचेस्टर जेनला जिथे जिथे हाक मारतो तिथे लाल खूण, जेन त्याला मारते तिथे निळी. ‘यू’कडे बघायचंच नाही, फक्त हाकांकडे बघायचं. अर्ध्या तासात ब्राँटेबाईंची युक्ती कागदावर उमटली. सर्वनामात जे सांगता येत नव्हतं, ते त्यांनी हाकांत सांगितलं होतं.

लाल खुणा बघा. तो तिला बहुतेक ‘जेन’ म्हणतो. मधेच लाडाने ‘जॅनेट’ म्हणतो. म्हणजे त्याच्या बाजूने एकेरीच. पण एका ठिकाणी अचानक ‘मिस एअर’ येतं. आपण दुसऱ्या श्रीमंत मुलीशी लग्न करणार, असं नाटक तो करत असतो. आता तुझी विद्यार्थिनी शाळेत जाईल आणि तुला दुसरीकडे नोकरी बघावी लागेल, हे सांगताना तो तिला आडनावाने हाक मारतो. इंग्रजी वाचताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. लाल पेन्सिलीने दाखवलं. तो मुद्दाम मालक होऊन बोलतोय. बोचावं म्हणूनच दूर जातोय. मग मराठीत तेवढ्याच वाक्याला त्याच्या तोंडी ‘तुम्ही’ हवं. आधी आणि नंतर ‘तू’, मधे एकदाच ‘तुम्ही’. मराठी वाचणारीला तो धक्का जेनइतकाच बसतो. आपल्याकडे नवरा एरवी ‘अगं’ म्हणणारा, एक दिवस ‘तुमचं जेवण झालं असेल तर…’ असं म्हणाला की बायकोच्या पोटात गोळा येतोच ना!

इथे मला पहिल्यांदा वाटलं की मराठी इंग्रजीपेक्षा गरीब नाही. फक्त तिच्या तिजोरीची किल्ली वेगळ्या खिशात आहे.

आता निळ्या खुणा. त्यात जवळजवळ एकच शब्द होता, ‘सर’. आणि हाच मला सगळ्यात जड गेला.

‘सर’ तसाच ठेवावा तर मराठीत सर म्हणजे मास्तर. ‘हो सर’ म्हटलं की फळा, खडू आणि गृहपाठ डोळ्यांपुढे येतात. त्यातून शिकवणारी जेन आहे, तो नाही. म्हणजे सगळंच उलटं. ‘मालक’ लिहून बघितलं. ते शेतावरच्या गड्यासारखं वाटलं, आणि नवऱ्याला मालक म्हणायची रीत आपल्याकडे होतीच, त्यामुळे लग्न झाल्यासारखंही वाटलं. ‘महाराज’ तर ग्वाल्हेरात बोलायलाच नको. इथे महाराज म्हटलं की एक तर राजवाडा आठवतो, नाहीतर आमच्या घरी मुनिमहाराज. शेवटी ‘साहेब’ ठरलं. इंग्रज काळाचा वास, नोकरीचं नातं, मान, आणि वेळ पडली तर त्यात थोडी चेष्टाही भरता येते. “बरं साहेब!” हे हाताखालचा माणूसही म्हणतो आणि खोडकर मैत्रीणही. जेनला ती चेष्टा येते. ती त्याला ‘सर’ म्हणताना मान खाली घालत नाही, कधी कधी त्याच शब्दाने त्याला चिमटा काढते.

पण इंग्रजीत जितके ‘सर’ तितके ‘साहेब’ घातले तर मराठी चालत नाही, लंगडते. ‘अहो’, ‘-ना’, ‘जी’ आणि मुख्य म्हणजे ‘तुम्ही’ हे सगळं आपल्याकडे मान सांगायला आहेच. तीन ‘सर’ असतील तिथे मी एक ‘साहेब’ ठेवला, बाकीचं काम क्रियापदावर सोडलं. मात्र एक नियम पाळला. जिथे मुळात ‘सर’ नाही, तिथे आपणहून एकही ‘साहेब’ घालायचा नाही.

हा नियम पाळला म्हणूनच प्रकरणाचा गाभा मला सापडला.

त्या बागेत जेन शेवटी फुटते. हा माणूस आपल्याला आयर्लंडला कुणा बाईच्या पाच मुली सांभाळायला पाठवतोय, स्वतः दुसरीशी लग्न करतोय आणि वर म्हणतोय की तू इथेच राहा. तेव्हा ती गरीब, साधी, छोटीशी मुलगी त्याला सुनावते. मी काय यंत्र आहे? मला मन नाही? शेवटी ती म्हणते की आता रूढी, रीत, हे शरीरसुद्धा मधे नाही, माझा आत्मा तुमच्या आत्म्याशी बोलतोय आणि देवाच्या पायाशी आपण सारखेच आहोत. शब्द माझे आहेत, भाव तिचा.

या सगळ्या लांबलचक बोलण्यात निळी खूण एकही नाही. त्याच्या आधीच्या उत्तरांत ‘सर’ आहे. नंतर रॉचेस्टर ‘आपण सारखेच’ हे तिचे शब्द परत म्हणतो, त्यावर ती पुन्हा ‘सर’ म्हणते. मधल्या त्या तेवढ्या बोलण्यात नाही. तेवढा वेळ तो तिचा साहेब नाही.

मग मराठीत काय करायचं? इथेच मी पहिल्यांदा ‘तू’ घातलं होतं. माझी बाजू लंगडी नव्हती. देवाला आपण ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो. जिथे दोन माणसांत काही उरत नाही तिथे मराठी ‘तू’वरच येते. आत्मा आत्म्याशी बोलताना ‘अहो’ कशाला म्हणेल?

माझ्या लेकीने हीच बाजू उचलून धरली. ती पुण्याला शिकते, सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “आई, ती समानतेची गोष्ट करतेय आणि तू तिच्या तोंडात तुम्ही घालतेस? तो तू म्हणणार, ती तुम्ही म्हणणार, आणि म्हणे आपण सारखे! हे भाषणच खोटं पडतं.” तिचं खरं आहे. इंग्रजीत दोघांचं ‘यू’ सारखं आहे. मराठीत एकाचा हात वर, एकाचा खाली. ती जिन्यावरून ओरडतेय की जिनाच नाही, असं ते होतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. “रागात तू म्हटलं की भांडण होतं गं. नळावरचं. एकेरीवर आली म्हणतात तिला. मग ती काय बोलली ते कुणी ऐकत नाही, फक्त एकेरीवर आली एवढंच लक्षात राहतं.”

मी दोन्ही मसुदे मोठ्याने वाचले. कागदावर कळत नाही, कानाला कळतं. ‘तू’चा मसुदा दोन वाक्यं छान वाटला. तिसऱ्या वाक्याला जेन चिडलेली वाटायला लागली, चौथ्याला उद्धट. तिच्या बोलण्यातलं तत्त्व मागे पडलं आणि ‘हिने मालकाला तू म्हटलं’ हीच बातमी झाली. सासूबाई म्हणत होत्या तेच. ‘तुम्ही’चा मसुदा वाचला तेव्हा उलट झालं. मान सोडलेला नाही, आवाज चढलेला नाही, आणि तरी ती त्याला सांगतेय की मी तुमच्यापेक्षा कमी नाही. मान देऊनही बरोबरी मागता येते, हे आपल्या घरोघरच्या बायकांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला असेल?

त्या वेळी मला माझी मावसबहीण आठवली. तिने आर्यिका दीक्षा घेतली तेव्हा मी तिथे होते. सकाळपर्यंत मावशी तिला “अगं ए, इकडे ये” म्हणत होती. पिच्छी आणि कमंडलू तिच्या हातात आले आणि त्याच मावशीने हात जोडून ‘वंदामि’ म्हटलं, “माताजी, आपलं स्वास्थ्य बरं आहे ना?” म्हणून विचारलं. पोटच्या पोरीला ‘आपण’. मावशीचे डोळे भरले होते, पण जीभ अडखळली नाही. त्या दिवशी मला कळलं की हाक बदलणं म्हणजे नातं बदलणं. आणि हेही कळलं की मोठी हाक वापरताना माया कमी होतेच असं नाही.

त्या ‘आपण’नेच माझी वाट काढली. मराठीतला हा मोठा अजब शब्द आहे. ‘आपण कधी निघालात?’ म्हटलं की तो समोरच्याचा मान आहे. ‘आपण कधी निघालो?’ म्हटलं की तो तुझामाझा दोघांचा आहे. इंग्रजीतल्या ‘वी’ला ‘आम्ही’ही म्हणतात आणि ‘आपण’ही. पण ‘आम्ही’त समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. जेनच्या भाषणाचा शेवट ‘वी’वरच आहे. मी तिला सगळ्या भाषणात ‘तुम्ही’च म्हणायला लावलं, ‘साहेब’ एकदाही नाही, आणि शेवटच्या वाक्याला ‘आपण दोघं’ आणलं. एका शब्दात मानही राहिला आणि बरोबरीही आली. लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ठीक आहे. पण मला अजून तूच आवडलं असतं.” तिचं तिच्यापाशी राहू दे. ती आपल्या नवऱ्याला नावाने हाक मारेल, अरे-तुरेही करेल. तिच्या पिढीने या प्रकरणाचं भाषांतर केलं तर ते वेगळं होईल, आणि तेही खोटं नसेल.

यानंतर कथेत मागणी येते, आणि तिथे एक गंमत आहे, जी इंग्रज वाचकाला आपल्याइतकी कळणार नाही. तो तिला म्हणतो की मला माझ्या नावाने हाक मार, एडवर्ड म्हण. ती होकार देते, पण होकारातही ‘सर’ म्हणते! तो पुन्हा तिला दुरुस्त करतो. मग ती त्याचं नाव उच्चारते.

आता मराठी बाईला हे सांगायला हवं का? ‘नाव घे’ म्हटलं की बस्स. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात सगळ्या जणी मागे लागतात, “नाव घे, नाव घे!” एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, काढायचं तर उखाण्यात गुंडाळून. सासूबाईंनी जन्मभर मामंजींना ‘अहो’ म्हटलं आणि दुसऱ्यांशी बोलताना ‘हे’. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तर मला पुढे करायच्या. मी रॉचेस्टरच्या तोंडी ‘माझं नाव घे’ घातलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “बघा, पुरुषच नाव घ्यायला सांगतो! आमच्याकडे आत्याबाई सांगायच्या.”

धोका एवढाच होता की पुढे चांदीच्या ताटातला उखाणा ऐकू यायला नको. म्हणून ‘घे’ एकदाच ठेवलं आणि लगेच पुढे ‘एडवर्ड म्हण’ असं साधं केलं. जेनच्या तोंडी नुसतं नाव आणि त्याच्या आधी ‘माझे’. ‘माझ्या’ नाही, ‘माझे एडवर्ड’. नाव घेतलं तरी आदरार्थीच. कारण मी पुढची पानंही बघितली. पुढे ती वारसाहक्काने पैसेवाली होते, स्वतंत्र होते, आणि तो आंधळा झालेला असताना त्याच्याकडे परत जाते. तेव्हाही ती त्याला ‘सर’ म्हणते. म्हणजे ते ‘सर’ पगाराचं नव्हतं. पगार संपला तरी ते राहिलं. मग मी तिचं ‘तुम्ही’ कुठल्या तोंडाने काढून घेऊ?

एक प्रश्न मात्र अजून मला पूर्ण सुटलेला नाही. गोष्ट जेनच सांगते. मग निवेदनात ‘तो म्हणाला’ लिहायचं की ‘ते म्हणाले’? ती सांगतेय तेव्हा त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झालेली आहेत. मराठी बाई दहा वर्षांच्या नवऱ्याबद्दल ‘तो म्हणाला’ म्हणणार नाही, निदान सासूबाईंच्या पिढीतली तरी नाही. पण सबंध कादंबरीभर ‘ते आले, ते बसले, ते रागावले’ झालं की नायक वडीलधारा होतो, बागेतला चंद्र मावळतो आणि दिवाणखान्यात अडकित्ता वाजतो. शिवाय ‘ते’ म्हणजे एक की अनेक, हा घोळ वेगळाच. मंडळात यावर मोठी चर्चा झाली. शेवटी ठरलं की निवेदनात ‘तो’ आणि संवादात ‘तुम्ही’. वाचकाशी बोलताना ती मनातलं बोलते, आणि मनात आपण कुणालाच ‘अहो’ म्हणत नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. पण मराठी कादंबऱ्यांनी ही सवय वाचकाला लावलेली आहे, म्हणून ती खपते.

पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा माणसंच मराठी केली, मग कोण कुणाला काय म्हणेल ते घरचंच झालं. आमची जेन मात्र इंग्लंडातच राहणार होती. तिच्या झाडालाही आम्ही चेस्टनटच म्हणायचं आणि तिच्या जिभेवर मात्र आमचं ‘तुम्ही’ ठेवायचं. हा अवघडलेपणा कितीही घासला तरी पूर्ण जात नाही.

वाचनाच्या दिवशी बैठक आमच्याच घरी होती. मी प्रकरण वाचलं. कुणी काही बोलायच्या आधी आमच्यातल्या सर्वांत कमी शिकलेल्या बाई म्हणाल्या, “ती चिडते ना, तिथे एकदम काहीतरी वेगळं वाटलं. जवळ आल्यासारखी वाटली ती. काय केलं तुम्ही तिथे?” मी म्हटलं, “काही नाही. एक शब्द घातला नाही, एवढंच.” गेलेला ‘साहेब’ त्यांना दिसला नव्हता, पण त्याची गैरहजेरी कानाला लागली होती. मला माझं पारितोषिक मिळालं.

सगळ्या गेल्या. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवण उरकतं. मी भांडी आवरत होते, सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही सांगायचं असलं की त्या अशा विनाकारण डबे सारखे करतात.

म्हणाल्या, “मी एकदा म्हटलं होतं हो तू.”

“कुणाला?”

“ह्यांना. शेवटी दवाखान्यात. शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाका मारत राहा, ऐकू जात असेल. मी खूप वेळ अहो, अहो करत होते. मग कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, ऊठ रे, कुठे चाललास तू मला टाकून.” त्या थांबल्या. “नावही घेतलं. कुणी नव्हतं खोलीत.”

मी नळ बंद केला. काय बोलावं कळेना.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “तुझ्या त्या गोष्टीत आहे का असं कुठे?”

आहे. माझ्या प्रकरणात नाही, पस्तिसाव्यात आहे. जेन त्याला सोडून दूर गेलेली असते. एका रात्री, कोसांवरून, तिला त्याची हाक ऐकू येते, तिच्या नावाने, तीनदा. आणि ती अंधारात धावत बाहेर जाऊन ओरडते की मी येते, थांब, कुठे आहेस? तिथे समोर कुणी नाही. साहेब नाही, मालक नाही, लग्न नाही, लोक नाहीत. ते प्रकरण आमच्यातल्या दुसऱ्या मैत्रिणीकडे आहे.

मी त्याच रात्री तिला फोन केला. म्हटलं, सगळ्या कादंबरीत जेन त्याला तुम्हीच म्हणू दे. पण त्या एका हाकेला, त्या एकाच ठिकाणी, तिला ‘तू’ म्हणू दे. ती म्हणाली, “अगं, पण का? नियम मोडेल ना.”

मी म्हटलं, “मोडू दे. माझ्या सासूबाईंना विचारून सांगतेय.”